सोसायटीच्या पार्किंगमधले रात्रीचे स्कूटर-चार्जिंग

विजेवर चालणाऱ्या स्कूटरसोबत मिळणारा घरगुती चार्जर साधारण 700 वॅटच्या आसपास वीज घेतो. 230 व्होल्टवर हा प्रवाह तीन-सव्वातीन अँपिअर भरतो. बाथरूममधला गीझर 2000 वॅटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअरचा, आणि इस्त्री 1000 वॅटची. लोडच्या हिशेबाने स्कूटर या दोघांपेक्षा हलकी आहे. तरीही सर्वसाधारण सभेत गीझरवर कोणी हरकत घेत नाही आणि पार्किंगमधल्या चार्जिंगवर तासभर वाद होतो, तो अगदीच बिनबुडाचा नाही. गीझर अर्ध्या तासात बंद होतो, त्याच्यासाठी बांधकामाच्या वेळीच वेगळी जाड वायर ओढलेली असते आणि तो चालू असताना घरात कोणीतरी जागे असते. स्कूटर तासन्‌तास लावलेली असते, ती बहुधा पार्किंगच्या ट्यूबलाइटसाठी टाकलेल्या वायरवर चालते, आणि त्या वेळी सगळी इमारत झोपलेली असते. किती वीज लागते यापेक्षा ती कुठून आणि कशी घेतली जाते यात धोका जास्त आहे.

पहिला प्रश्न ‘रात्रभर’ या शब्दाचाच. स्कूटरला एका किलोमीटरला साधारण 30 वॅट-तास वीज लागते. रोज तीस किलोमीटर फिरणारी स्कूटर बॅटरीतून 0.9 युनिट खर्च करते. चार्जरमधली तूट धरली तर सॉकेटमधून जेमतेम एक युनिटच्या वर वीज घ्यावी लागते, आणि 700 वॅटच्या चार्जरला त्यासाठी दीड तास पुरतो. रात्री नऊला लावलेली स्कूटर अकराच्या आत भरते. तीन युनिटची बॅटरी अगदी तळाला गेली असेल तरच पाच तास लागतात, शेवटच्या टप्प्यात चार्जर प्रवाह कमी करतो म्हणून थोडे जास्त. म्हणजे रात्रभर स्कूटर लावून ठेवणे ही बहुतेकांची सवय आहे, गरज नव्हे. बॅटरी भरल्यावर मूळ चार्जर आपोआप थांबतो, त्यामुळे ‘जास्त चार्ज होऊन पेटेल’ ही सभेत हमखास निघणारी भीती चांगल्या अवस्थेतल्या गाडीबाबत फारशी खरी नाही. पण प्लग, सॉकेट आणि चार्जर सकाळपर्यंत विनाकारण विजेखाली राहतात. चालक घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास बॅटरी निवू देऊन नऊच्या सुमारास चार्जिंग सुरू केले आणि अकराला टायमरने सॉकेट बंद झाले, तर इमारत झोपायच्या वेळी पार्किंगमध्ये काहीच चालू राहत नाही. 16 अँपिअरचा टायमर बाजारात सहज मिळतो, आणि या साऱ्या उपायांत तो सर्वांत स्वस्त आहे.

बॅटरीच्या आत काय बिघडू शकते हे मात्र समजून घ्यावे लागते, कारण ती आग नेहमीच्या आगीसारखी नसते. लिथियम-आयन सेलमध्ये दोन विद्युतध्रुवांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. मार बसल्याने, आत पाणी गेल्याने, निर्मितीतल्या दोषाने किंवा मर्यादेबाहेर चार्ज झाल्याने हा पडदा फाटला किंवा वितळला, की सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. त्या उष्णतेने रासायनिक क्रिया सुरू होतात, त्या आणखी उष्णता देतात आणि शेजारचा सेल तापतो. एकदा हा क्रम सुरू झाला की बाहेरून वीज तोडूनही तो थांबत नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलमध्ये हे कमी तापमानाला आणि जोरात होते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल जास्त उष्णता सोसतात, पण तेही पूर्ण निर्धोक नाहीत. यावर पहारा ठेवण्यासाठी बॅटरीत ‘बीएमएस’ नावाचे सर्किट असते. ते प्रत्येक सेलगटाचा व्होल्टेज आणि ठरावीक जागांचे तापमान बघते आणि मर्यादा ओलांडली की चार्जिंग तोडते. 2022 च्या उन्हाळ्यात देशात स्कूटर पेटण्याच्या घटना ओळीने घडल्यावर दुचाकींच्या बॅटरीसाठीचा एआयएस-156 हा नियम कडक करण्यात आला. त्यातल्या सुधारणा डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. म्हणून सोसायटीने गाड्यांची यादी करताना कंपनीच्या नावापेक्षा निर्मितीचा महिना लिहून घेणे जास्त उपयोगाचे. ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या, नंबरप्लेट न लागणाऱ्या कमी वेगाच्या गाड्या आणि बाहेरून बॅटरी बदलून घेतलेल्या जुन्या गाड्या या यादीत वेगळ्या दाखवाव्यात.

असे असले तरी पार्किंगमध्ये रोज घडू शकणारा बिघाड बॅटरीचा नसतो. तो सॉकेटच्या पितळी पट्टीत असतो. प्लगची पिन आणि सॉकेटची पट्टी घट्ट टेकली नाही की तिथे थोडासा विरोध तयार होतो, आणि विरोधातून प्रवाह गेला की उष्णता होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि इथेच एक्स्टेन्शन बोर्डाचा घात आहे. समजा एका ढिल्या सॉकेटमध्ये 0.15 ओहम इतका विरोध आहे. तिथे एकच स्कूटर लावली तर 3.2 अँपिअरला दीड वॅट उष्णता होते. हाताला जेमतेम कोमट लागेल. त्याच सॉकेटमध्ये बोर्ड खोचून चार स्कूटर लावल्या की प्रवाह चौपट, 12.8 अँपिअर, पण उष्णता सोळापट, म्हणजे पंचवीस वॅटच्या घरात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंग आयर्न बहुधा एवढ्याच वॅटचा असतो, आणि इथे ती सगळी उष्णता प्लॅस्टिकच्या बंद डबीत, पिनेच्या टोकाशी कोंडते. तापलेले पितळ काळे पडते, पट्टीचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, विरोध वाढतो आणि पुढच्या रात्री उष्णता आधीपेक्षा जास्त. काही आठवड्यांत सॉकेटचे तोंड तपकिरी होते.

हे चालू असताना एमसीबी पडत नाही, आणि ‘एमसीबी आहे ना, मग काळजी कशाला’ हे सभेतले ठरलेले उत्तर इथे लटके पडते. एमसीबी प्रवाह मोजतो. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने 12.8 अँपिअर हा अगदी नेहमीचा प्रवाह आहे. तो कुठल्या जोडातून तापत जातोय याचा त्याला पत्ता नसतो. चार्जरलाही काही कळत नाही, कारण अशा जोडावर 230 पैकी दोनच व्होल्ट खर्च होतात. हा बिघाड माणसाच्या नाकाला आणि बोटालाच कळतो. चार्जिंग संपल्यावर लगेच, स्विच बंद करून, प्लग काढून पिनांच्या बुडाशी हात लावला आणि तो झटकन मागे घ्यावासा वाटला, तर तो सॉकेट बदलायचा. पिनेवर निळसर-काळा डाग, सॉकेटभोवती पिवळसर वलय, जळक्या बेकलाइटचा किंवा सडक्या मासळीसारखा वास, प्लग आपल्याच वजनाने खाली झुकणे ही सगळी त्याचीच लक्षणे. सॉकेट घासूनपुसून पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो, कारण पट्टीचा गेलेला ताण परत येत नाही. 16 अँपिअरची जाड पिन 6 अँपिअरच्या सॉकेटात बसावी म्हणून वापरला जाणारा कन्व्हर्टर प्लग म्हणजे असा आणखी एक जोड, आणि सर्वांत कच्चा.

दुसरे संरक्षण गळतीपासून हवे. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभ्या स्कूटरच्या सांगाड्यात वीज उतरली तर माणसाचा जीव घ्यायला काही दशांश अँपिअरसुद्धा जास्तच झाले, आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरला पडणारा आरसीसीबी लागतो. बरेच वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. तो जाणारा आणि परतणारा प्रवाह ताडून पाहतो आणि फरक पडला की क्षणात वीज तोडतो. मात्र काटकसर म्हणून दहा-बारा स्कूटरना मिळून एकच आरसीसीबी बसवला की वेगळेच दुखणे सुरू होते. प्रत्येक चार्जरच्या फिल्टरमधून एक-दोन मिलीअँपिअर अर्थिंगकडे जातच असतात. दहा चार्जरचे मिळून पंधरा-वीस होतात, आणि 30 चा आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो. मग तो काही बिघाड नसताना मध्यरात्री पडतो, सकाळी चार जणांच्या गाड्या अर्धवट भरलेल्या निघतात, आणि आठवड्याभरात कोणीतरी वायरमनला बोलावून तो ‘बायपास’ करून घेतो. पॅनेलवर आरसीसीबी दिसतो, पण कामाला येत नाही. म्हणून प्रत्येक पॉइंटला आपला आरसीबीओ असावा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र येतात आणि एकाच्या बिघाडाने दुसऱ्याची गाडी अडत नाही. त्यावरचे ‘टेस्ट’चे बटण दर महिन्याला दाबून बघायचे असते, आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला नाही ना हे उन्हाळ्यात पाहायचे असते.

सरकारी नियमांत यातले बरेच काही आधीच सांगितले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांमध्ये 2019 साली वाहन चार्जिंगची तरतूद घालण्यात आली. त्यानुसार चार्जिंगचा सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर उंच असावा लागतो, गाडीची जोडणी चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत असावी लागते, एक्स्टेन्शन केबल किंवा दुसरी जोडकेबल चालत नाही, आणि 30 मिलीअँपिअरपेक्षा जास्त नसलेले गळती-संरक्षण लागते. हे नियम चार्जिंग स्टेशनसाठी लिहिलेले असले तरी सोसायटीच्या पार्किंगला त्याहून चांगला नमुना शोधायची गरज नाही. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडलेली वायर यातल्या जवळजवळ प्रत्येक कलमाविरुद्ध जाते. राज्याच्या 2021 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने नव्या निवासी इमारतींत वीस टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची अपेक्षा केली होती. खरी ओढाताण त्याआधीच्या, स्टिल्टवर उभ्या असलेल्या सात-आठ मजली इमारतींची आहे.

अशाच एका इमारतीचा हिशेब मांडून पाहता येईल. चाळीस फ्लॅट, स्टिल्ट पार्किंग, बारा स्कूटर. बाराही एकाच वेळी लागल्या तर 700 गुणिले 12, म्हणजे 8.4 किलोवॅट. सोसायटीच्या सामायिक मीटरवर थ्री-फेज पुरवठा असतो, तेव्हा प्रत्येक फेजला चार स्कूटर वाटून दिल्या की दर फेजला तेरा अँपिअर येतात. मीटर रूमजवळच्या नव्या स्वतंत्र पॅनेलपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तिथून प्रत्येक पॉइंटला 2.5 चौरस मिलिमीटरची एवढ्याने काम भागते. अवघड भाग वेगळाच आहे: त्याच मीटरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप आहे, आणि बऱ्याच ठिकाणी पंप रात्रीच चालतो. मंजूर भार पंधरा किलोवॅटचा असेल तर लिफ्ट, पंप आणि आठ किलोवॅटचे चार्जिंग एकत्र आल्यावर तो ओलांडला जातो. वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करायचा, की टायमरने सहा गाड्या नऊ ते अकरा आणि सहा गाड्या अकरा ते एक अशा लावायच्या, हा निर्णय सभेने घ्यायचा असतो. वर पाहिलेल्या दीड तासाच्या हिशेबाने दोन पाळ्या आरामात जमतात. रोज रात्री बारा गाड्यांना मिळून तेरा-चौदा युनिट लागतील, आणि ज्याचे त्याला मोजता यावेत म्हणून प्रत्येक पॉइंटला सबमीटर बसतो.

याला पर्याय म्हणजे सभासदाच्या स्वतःच्या मीटरवरून त्याच्या पार्किंगपर्यंत वायर आणणे. स्टिल्टच्या इमारतींत मीटर रूम खालीच असते, त्यामुळे हे बहुधा सोपे पडते. बिल आपोआप ज्याचे त्याला येते आणि सोसायटीला हिशेब ठेवावा लागत नाही. फक्त बारा सभासदांनी बारा वेगवेगळे वायरमन आणून बारा पाइप मन मानेल तसे ठोकले, की दोन वर्षांनी कोणती वायर कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. परवानाधारक विद्युत ठेकेदार एकच, वायरचा मार्ग एकच आणि प्रत्येक पाइपवर फ्लॅटचा नंबर, एवढी अट घातली तर ही पद्धत सामायिक मीटरपेक्षा सरस ठरते. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखीच लागते: पार्किंगच्या बाहेर, फाटकाजवळ, वॉचमनच्या हाताला येईल असा एकच मोठा स्विच, ज्याने चार्जिंगची सगळी वीज एका झटक्यात बंद होते.

वायरिंग कितीही चोख झाले तरी गाडी कुठे उभी राहते हा प्रश्न उरतोच, आणि सभेत तोच सर्वांत कमी बोलला जातो. 12 सप्टेंबर 2022 रोजी सिकंदराबादमध्ये एका हॉटेलखालच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला लागलेल्या आगीत आठ जण दगावले. आग खाली होती आणि माणसे वरच्या मजल्यांवर होती. धूर जिन्याने वर चढला. स्टिल्ट पार्किंगची रचना नेमकी अशीच असते. जिना आणि लिफ्टची लॉबी पार्किंगमध्येच उघडते आणि धुराला ती धुरांड्यासारखी सापडते. जळत्या लिथियम बॅटरीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असते, त्यामुळे ज्वाळा वर पोहोचण्याच्या कितीतरी आधी जिना बंद होतो. म्हणून चार्जिंगच्या जागा जिन्याच्या तोंडापासून, मीटर रूमपासून, जनरेटरपासून आणि पाइप गॅसच्या उभ्या नळ्यांपासून दूर, शक्यतो उघड्या बाजूच्या कडेला हव्यात. वायर कमी लागते म्हणून मीटर रूमच्या भिंतीलाच पॉइंट काढणे हा सर्रास होणारा आणि सर्वांत वाईट निर्णय आहे; तिथे आग लागली तर सगळ्या इमारतीची वीज आणि जिन्याचा उजेड एकदमच जातो. यासाठी पार्किंगच्या जागांची अदलाबदल करावी लागते आणि तिथेच भांडण होते, पण ती टाळून केलेली बाकीची सारी व्यवस्था लंगडी राहते. स्कूटरच्या शेजारी रद्दी, जुन्या गाद्या, रंगाचे डबे ठेवू न देणे त्या मानाने सोपे आहे.

पार्किंगमध्ये चार्जिंगला सरसकट बंदी घातली की प्रश्न सुटत नाही, तो घरात शिरतो. काढता येणारी बॅटरी सभासद लिफ्टने वर नेतो आणि सोफ्याजवळ लावतो. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत अशीच घरात रात्री चार्जिंगला लावलेली बॅटरी पहाटे फुटली आणि सात वर्षांचा मुलगा भाजून गेला. त्याआधी मार्च 2022 मध्ये वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटून धुराने बाप आणि मुलगी गुदमरली. झोपलेल्या माणसांपासून दूर, उघड्या हवेत आणि धड वायरिंगवर चार्जिंग होऊ शकणारी इमारतीतली एकमेव जागा पार्किंगच आहे. बंदीचा ठराव करणारी सोसायटी हा धोका बैठकीच्या खोलीत हलवते, कमी करत नाही.

काही गाड्यांना मात्र पार्किंगमध्येही चार्जिंग नाकारावे लागते. मूळ चार्जर हरवला म्हणून बाजारातून तसाच दिसणारा आणलेला चार्जर त्यांत पहिला. त्याचा शेवटचा व्होल्टेज एक-दोन व्होल्टने जास्त असला तरी बीएमएसवर रोज रात्री ताण येतो, आणि बीएमएस बिघडला की मधली भिंत गेली. पडलेली, आपटलेली किंवा बॅटरीचा डबा फुगलेली गाडी दुसरी. तिसरी, आणि मुंबई-पुण्यात हमखास भेटणारी, पार्किंगमध्ये पाणी तुंबले तेव्हा बुडालेली. पाणी ओसरल्यावर ती नीट सुरू होते, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण डब्यात शिरलेला ओलावा जोडांवर गंज चढवत राहतो आणि बिघाड काही दिवसांनी, चार्जिंगच्या वेळी उघड होतो. अशी गाडी सर्व्हिस सेंटरच्या तपासणीपर्यंत इमारतीबाहेर उघड्यावर ठेवायची. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या गाड्या पेटण्याच्या दृष्टीने कमी त्रासाच्या, पण चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे बंद तळघरात त्या नकोतच.

बिघडणारी बॅटरी बहुधा आधी खूण देते: सीटखालून फुसफुस किंवा टिचकल्यासारखे आवाज, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर उग्र वास, मग पांढरा दाट धूर. तो धूर वाफ समजून जवळ जाणारे फसतात. तो पेट घेणारा वायू असतो. वॉचमनला शिकवायचा क्रम छोटा आहे. आधी फाटकाजवळचा मोठा स्विच पाडायचा, मग जिन्याचे दार लावून घ्यायचे, मग 101 किंवा 112 ला फोन करून ‘लिथियम बॅटरीची आग’ असे शब्दशः सांगायचे, आणि शेजारच्या गाड्या हलवण्याच्या फंदात न पडता लांब उभे राहायचे. जिन्यात धूर भरला असेल तर वरच्यांना खाली बोलवायचे नाही. त्यांनी दार लावून, फटीत ओला कपडा घालून खिडकीशी थांबावे. भिंतीवरचा पावडरचा अग्निशामक तापलेल्या सॉकेटच्या किंवा वायरच्या आगीला, वीज तोडल्यावर, चांगला चालतो. बॅटरीच्या आगीवर पावडर मारली तर ज्वाळा क्षणभर दबतात आणि आतली उष्णता तशीच राहते. तिला थंड करायला भरपूर पाणी लागते, आणि ते काम अग्निशमन दलाचे. विझलेली गाडी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, त्यामुळे ती त्याच रात्री मोकळ्या जागेत ओढून न्यावी लागते, पंचनाम्याची वाट पाहत जिन्यासमोर ठेवायची नाही.

सभेच्या ठरावात या सगळ्यांतले जे बसते ते थोडके आहे, आणि ते नेमके लिहावे लागते. कोणत्या जागांवर चार्जिंग चालेल, वायरिंग कोणाच्या मीटरवरून आणि कोणत्या ठेकेदाराकडून, एक्स्टेन्शन बोर्ड आणि कन्व्हर्टर प्लगला मनाई, टायमरच्या वेळा, आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, प्रत्येक सॉकेट उघडून स्क्रू आवळण्याची जबाबदारी कोणाची. पॅनेल, मुख्य वायर आणि मोठा स्विच ही मालमत्ता सोसायटीची म्हणून त्यांचा खर्च सामायिक; पॉइंट, आरसीबीओ आणि सबमीटर ज्याची गाडी त्याचे. ज्यांच्याकडे आज स्कूटर नाही ते सामायिक खर्चाला हरकत घेतात. त्यांच्यासाठी एकच तरतूद उपयोगी पडते: पॅनेल सुरुवातीलाच बाराऐवजी चोवीस जागांचे घ्यायचे आणि पाइपही तेवढ्या वायरींचा टाकायचा, म्हणजे नंतर गाडी घेणाऱ्याला फक्त आपल्या पॉइंटचा खर्च पडतो आणि भिंत पुन्हा फोडावी लागत नाही.